आरएफसी ४२२६, विभाग ७.४ : बँक दोन कोड का मागते, आणि मजकुरात न केलेलं गणित

बँकेचं बटणवालं टोकन चालेनासं झालं की "टोकन खराब झालं" असं सर्रास म्हटलं जातं. बऱ्याचदा टोकन ठणठणीत असतं, सर्व्हरही ठणठणीत असतो. फक्त दोघांची मोजणी एकमेकांपासून सरकलेली असते. ती पुन्हा जुळवायची कशी, हे ज्या दस्तऐवजात लिहिलं आहे तो म्हणजे आरएफसी ४२२६. डिसेंबर २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि एचओटीपी ही पद्धत त्यात मांडलेली आहे. आज आपण त्यातला एकच छोटा विभाग वाचणार आहोत, ७.४, काउंटरच्या पुनर्जुळणीबद्दलचा. माझं म्हणणं थोडक्यात असं : या विभागातला सल्ला बरोबर आहे, पण त्यामागचं गणित अर्धंच केलेलं आहे. उरलेलं अर्धं न करता कोणी तो अमलात आणला, तर सुरक्षेसाठी घातलेली पायरीच कच्चा दुवा होते.

आधी आपण कोणत्या टोकनबद्दल बोलतोय ते स्पष्ट करू. मोबाइलवर एसएमएसने येणारा ओटीपी बँकेचा सर्व्हर स्वतःच तयार करतो, त्यामुळे तिथे सरकण्याचा प्रश्नच येत नाही. काही टोकनं घड्याळावर चालतात. त्यांची पद्धत २०११ च्या आरएफसी ६२३८ मध्ये आहे, आणि तिथे घड्याळ मागेपुढे होतं. आपलं टोकन या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. त्यात घड्याळ नाही, एक मोजणी आहे. ओळखायची सोपी खूण म्हणजे बटण लागोपाठ दोनदा दाबून बघा. दोन्ही वेळा वेगळा कोड आला आणि वाट पाहावी लागली नाही, तर ते मोजणीवरचं टोकन असण्याची शक्यता जास्त. मात्र हा प्रयोग केला की तुम्ही दोन कोड वाया घालवलेत हेही लक्षात ठेवा. का, ते आता बघू.

मोजणी सरकते कशी

टोकनच्या आत एक गुप्त किल्ली असते आणि एक काउंटर असतो. बटण दाबलं की काउंटरची सध्याची किंमत आणि किल्ली मिळून एचमॅक-शा-१ काढला जातो, त्यातून सहा अंक निवडले जातात, आणि काउंटर एकने वाढतो. बँकेच्या सर्व्हरकडे तीच किल्ली आणि स्वतःचा काउंटर असतो. तुम्ही पाठवलेला कोड सर्व्हर स्वतः काढलेल्या कोडशी ताडून बघतो.

इथे एक असमानता आहे, आणि सगळी गोष्ट तिच्यातून निघते. टोकनचा काउंटर प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर वाढतो. सर्व्हरचा काउंटर फक्त यशस्वी लॉगिननंतर वाढतो. टोकन एकतर्फी आहे, ते सर्व्हरशी बोलू शकत नाही. त्यामुळे खिशात किल्ल्यांच्या जुडग्याने बटण दाबलं गेलं, किंवा घरातल्या लहान मुलाने खेळत चार वेळा दाबलं, तर ते सर्व्हरला कळायचा मार्ग नाही.

दुसरी अडचण अशी की कोडवरून उलट काउंटर काढता येत नाही. काउंटर ४ चा कोड आणि काउंटर ५ चा कोड यांत डोळ्याला दिसेल असं काहीच नातं नसतं. म्हणून सर्व्हरकडे एकच उपाय उरतो, पुढचे काही कोड एकेक काढून बघायचे आणि आलेला कोड त्यांत सापडतो का ते तपासायचं. किती पुढपर्यंत बघायचं त्या मर्यादेला दस्तऐवज s म्हणतो. आपण तिला खिडकी म्हणू.

एक उदाहरण, खऱ्या आकड्यांवर

दस्तऐवजाच्या शेवटी चाचणीसाठी एक किल्ली आणि तिचे पहिले दहा कोड दिलेले आहेत. तेच घेऊ, म्हणजे तुम्हाला स्वतः पडताळता येईल. किल्ली आहे 12345678901234567890 हे वीस अक्षरांचं आस्की वाक्य.

```
0  755224      5  254676
1  287082      6  287922
2  359152      7  162583
3  969429      8  399871
4  338314      9  520489
```

समजा एका छोट्या कंपनीच्या हिशेबनीसांकडे हे टोकन आहे आणि बँकेने खिडकी ३ ची ठेवली आहे. पहिल्या दिवशी त्यांनी 755224 टाकला. जुळला, सर्व्हरचा काउंटर १ झाला. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, फोन आला, कोड स्क्रीनवरून गेला. पुन्हा दाबलं आणि 359152 टाकला. सर्व्हरने काउंटर १, २, ३ चे कोड काढले, २ वर जुळला, आणि स्वतःचा काउंटर ३ केला. हिशेबनीसांना काही घडल्याचं कळलंही नाही.

मग टोकन ड्रॉवरमध्ये गेलं आणि पंचिंग मशीनखाली सापडून चार वेळा दाबलं गेलं. काउंटर ३, ४, ५, ६ संपले. पगाराच्या दिवशी हिशेबनीसांनी बटण दाबलं, 162583 आला, तो काउंटर ७ चा. सर्व्हर बघतोय ३, ४, ५. नाही सापडला. नकार.

आता माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. टोकन ८ वर जातं, सर्व्हर ३ वरच उभा आहे. म्हणजे प्रत्येक नव्या प्रयत्नाने अंतर एकने वाढतं. एकदा खिडकीबाहेर गेलेलं टोकन नुसतं दाबत राहून कधीच परत आत येत नाही. आणि तीन चुकांनंतर खातं बंद होणार असेल, तर पगार त्या दिवशी अडकला.

मोठी खिडकी का नको

सहज सुचणारा उपाय म्हणजे खिडकी १००० ची करा. इथे दस्तऐवजाचं कौतुक करायला हवं, कारण त्याची किंमत त्याने एका ओळीत सांगितली आहे. हल्लेखोराने नुसता अंदाज करून आत शिरण्याची शक्यता :

```
Sec = s * v / 10^Digit
```

s म्हणजे खिडकी, v म्हणजे किती प्रयत्न करू दिले, Digit म्हणजे कोडमधले अंक. सहा अंक, तीन प्रयत्न आणि खिडकी १० असेल तर शक्यता एक लाखात तीन. खिडकी १००० केली की तीच होते हजारात तीन. एका खात्यासाठी हे लहान वाटेल. पण ज्याच्याकडे चोरलेले हजार पासवर्ड आहेत, त्याला प्रत्येक खात्यावर तीन प्रयत्न करून साधारण तीन खाती उघडतील. म्हणून विभाग ७.४ सांगतो की s शक्य तितका लहान ठेवा, वापरणाऱ्याला त्रास होणार नाही इतपत.

मग आपले हिशेबनीस? त्यांच्यासाठी त्याच विभागात एक ऐच्छिक मार्ग आहे : वापरणाऱ्याकडून लागोपाठचे दोन किंवा तीन कोड मागावेत. कारण एवढंच दिलं आहे की सलग कोडांची मालिका बनवणं हे एक कोड ओळखण्यापेक्षाही अवघड असतं.

हे वाक्य खरं आहे. माझी तक्रार अशी की ते इथेच थांबतं. "अवघड" म्हणजे किती, आणि कोणत्या अटींवर?

राहिलेलं गणित

आपण करू. दोन सहा-अंकी कोड एकत्र ओळखायचे, म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख, एक लाख कोटी जोड्या. खिडकी १००० ची असेल तर त्यातल्या साधारण १००० जोड्या चालतील. एका प्रयत्नात यशाची शक्यता शंभर कोटींत एक. याउलट नेहमीच्या लॉगिनला, खिडकी १० असताना, ती लाखात एक होती. म्हणजे खिडकी शंभरपट मोठी करूनसुद्धा दोन कोडांची तपासणी नेहमीच्या लॉगिनपेक्षा दहा हजारपट कडक आहे.

मला वाटतं विभाग ७.४ मधून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती तिथे लिहिलेली नाही. लॉगिनची खिडकी आणि पुनर्जुळणीची खिडकी या दोन वेगळ्या संख्या असायला हव्यात. पहिली लहान, दुसरी खुशाल मोठी. मजकुरात मात्र s एकच आहे, आणि गुपचूप पुढचे कोड तपासण्याला आणि वापरणाऱ्याकडून मालिका मागण्याला "रिसिंक" हा शब्दही एकच आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो.

दोन कोडांची तपासणी अशी दिसेल :

```
def resync(K, C, x, y, S):
    for i in range(C, C + S):
        if HOTP(K, i) == x and HOTP(K, i + 1) == y:
            return i + 2
    return None
```

आपल्या उदाहरणात C = 3. हिशेबनीसांनी आणखी दोनदा बटण दाबून 399871 आणि 520489 दिले. i = 8 वर दोन्ही जुळतात, सर्व्हरचा काउंटर १० होतो. टोकनचा पुढचा कोडही १० चाच. काम झालं.

"आणि" कुठे आहे ते बघा

वरच्या कोडमध्ये सगळी ताकद त्या and मध्ये आहे. दोन्ही अटी एकाच वेळी तपासल्या जातात, आणि उत्तर एकच येतं, जुळलं किंवा नाही. आता समजा पडद्यावरची पायरी अशी बनवली : पहिला कोड टाका, तो १००० च्या खिडकीत सापडला तर "आता दुसरा कोड टाका" असं दाखवा, नाही सापडला तर तिथेच नकार द्या. वापरणाऱ्याला हे सोयीचं वाटतं. दोन्ही रचनांना "लागोपाठ दोन कोड" हेच वर्णन लागू पडतं, आणि ७.४ यातला फरक करत नाही.

फरक मात्र प्रचंड आहे. दुसऱ्या रचनेत सर्व्हर हल्लेखोराला अर्धं उत्तर सांगून टाकतो. पहिला कोड ओळखायला त्याला सरासरी हजारेक प्रयत्न लागतील. तो सापडला की तोच कोड पुन्हा पुन्हा वापरता येतो, कारण पूर्ण यश मिळेपर्यंत सर्व्हरचा काउंटर हलत नाही. मग दुसऱ्या कोडसाठी जास्तीत जास्त दहा लाख प्रयत्न. म्हणजे एक हजार अधिक दहा लाख. पहिल्या रचनेत हाच आकडा शंभर कोटींच्या घरात होता. गुणाकाराची बेरीज झाली, आणि ती केली एका सौजन्यपूर्ण संदेशाने.

तुम्ही म्हणाल, पण तीन चुकांनंतर खातं बंद होतं ना? हो, आणि प्रयत्न मर्यादित ठेवण्यासाठी याच दस्तऐवजात ७.३ हा वेगळा विभाग आहे. पण तो आकडा लॉगिनच्या पानावर मोजला जातो आणि पुनर्जुळणीचं पान वेगळं असेल, तर तिथल्या चुका कोणत्या खात्यावर धरल्या जातात? दोन पानांची मोजणी वेगवेगळी असेल, तर हल्लेखोराला दुसरं, कमी पहाऱ्याचं दार मिळालं. म्हणून सूत्रातला v हा दोन्ही पानांचा मिळून एकच असायला हवा.

काउंटर फक्त पुढे जातो

दुसरी उणीव मला जास्त व्यावहारिक वाटते. ७.४ मोठ्या खिडकीचे दोन धोके सांगतो, हल्लेखोराचा अंदाज आणि सर्व्हरवर पडणारा ताण. प्रामाणिक माणसाची चूक त्यात येत नाही.

बँकेने एका कोडसाठीच खिडकी १००० ची ठेवली आहे असं धरा. हिशेबनीसांनी काल कागदावर लिहून ठेवलेला, वापरून झालेला कोड टाकला. तो नाकारला जायला हवा. पण पुढच्या हजार कोडांपैकी एखादा योगायोगाने नेमका तोच असण्याची शक्यता साधारण हजारात एक आहे. तसं झालं तर लॉगिन यशस्वी होतं आणि सर्व्हर उडी मारून, समजा, ६०० ने पुढे जातो. आता टोकन मागे आणि सर्व्हर पुढे. यानंतरचे सगळे खरे कोड नाकारले जाणार. दोन कोडांची पुनर्जुळणीही चालणार नाही, कारण शोध पुढच्या दिशेने होतो आणि टोकन मागे आहे.

सर्व्हरला मागे का आणत नाहीत? कारण मागे गेलं की वापरून झालेले कोड पुन्हा चालू होतात. ज्याने कधीतरी खांद्यावरून एखादा कोड पाहून ठेवला असेल, त्याला तो परत वापरता येईल. त्यामुळे मागे शोधायचं ते फक्त निदानासाठी. टोकनचे दोन सलग कोड सर्व्हरच्या मागे सापडले, तर टोकन खराब नाही, सर्व्हरने चुकीची उडी घेतली आहे, एवढं कळतं. त्या कोडांवर प्रवेश मात्र द्यायचा नाही. मग उपाय दोनच, बटण सहाशे वेळा दाबा किंवा टोकन बदला.

याच नियमाचा एक परिणाम तुमच्या-माझ्यासारख्या वापरणाऱ्याच्या बाजूचा आहे. मोजणीवरच्या टोकनचा कोड वेळेने बाद होत नाही. बटण दाबून न वापरलेला कोड सर्व्हर त्याच्या पुढे जाईपर्यंत जिवंत राहतो. म्हणून "तुमचं टोकन जुळवायचं आहे, दोन कोड टाका" असं सांगणारं खोटं पान त्रासदायक ठरतं. खरी बँकही नेमकं हेच मागते, आणि चोराच्या हाती दोन टिकाऊ कोड पडतात. अशी शंका आली तर लगेच खऱ्या संकेतस्थळावर जाऊन नव्या कोडने लॉगिन करा. सर्व्हर पुढे सरकला की मागचे कोड मेले. अर्थात चोराने ते त्याच मिनिटाला वापरले नसतील तरच. त्यामुळे बँकेला फोनही करायलाच हवा.

चांगला मार्ग परिशिष्टात

या सगळ्याचं मूळ एकच आहे. सर्व्हरला टोकनचा काउंटर माहीत नाही, म्हणून तो अंदाजाने शोधतो. मग टोकनने काउंटरच सांगितला तर? काउंटर गुप्त नसतो, गुप्त असते ती किल्ली.

हा विचार लेखकांनी केलेला आहे, पण ई.४ या परिशिष्टात, सुधारणांच्या यादीत. टोकनने कोडबरोबर काउंटरही पाठवायचा. तो आपल्यापेक्षा मागे नाही आणि फार पुढेही नाही, हे सर्व्हर बघतो, आणि नेमक्या त्या एकाच जागेचा कोड तपासतो. शोध नाही, त्यामुळे सूत्रातून s निघून जातो आणि शक्यता उरते दहा लाखांत v.

जर्मनीतल्या चिपटॅन पद्धतीत हीच कल्पना बँकेच्या ग्राहकांच्या हातात पोचलेली दिसते. तिथे काउंटर टोकनमध्ये नसून बँकेच्या कार्डावरच्या चिपमध्ये असतो, त्याला एटीसी म्हणतात. जुळणी बिघडली की बँक ग्राहकाला वाचकयंत्रावर दिसणारा एटीसी आणि त्याबरोबरचा कोड, दोन्ही टाकायला सांगते. सर्व्हरला शोधाशोध करावी लागत नाही.

मग भारतात किंवा इतरत्र किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायच्या टोकनवर हे का करत नाहीत? सहा अंकांची स्क्रीन आणि एकच बटण असेल तर काउंटर दाखवायचा कुठे? म्हणजे दोन कोड मागणं हा त्या छोट्या स्क्रीनवरचा तोडगा आहे. दुसरा कोड पहिल्याची जागा पक्की करतो, काउंटर सांगता येत नाही त्याची भरपाई करतो. ७.४ मध्ये ही अडचण उघड सांगून ई.४ कडे बोट दाखवलं असतं, तर त्या दोन कोडांचं प्रयोजन वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळलं असतं.

ज्यांना हे हाताने करून बघायचं आहे त्यांच्यासाठी एक काम. वरच्या कोष्टकावर `resync` चालवा, C = 3 आणि S = 4 घेऊन, कोड 399871 आणि 520489. उत्तर None येईल. S किती केला की 10 येतं ते काढा. मग त्या and च्या जागी दोन वेगळ्या पायऱ्या लिहा, तीन अंकी कोड घ्या म्हणजे प्रोग्राम पटकन संपेल, आणि दोन्ही रचनांना किती अंदाज लागतात ते मोजा.